सिद्धेश्वर यात्रेच्या जुन्या छायाचित्रासाठी प्रॉम्प्ट

सोबतचे कृष्णधवल छायाचित्र सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील असून त्याचे स्कॅन केवळ ६४० × ४८० पिक्सेलचे आहे. ते २५६० × १९२० पिक्सेलपर्यंत मोठे करताना नंदीध्वज, बाराबंदीच्या कडा आणि फेट्यांच्या घड्या यांतील जो तपशील मूळ प्रतिमेत अंधुकपणे का होईना दिसतो, तेवढाच स्पष्ट करा. चेहऱ्यांची ठेवण, नजर व सुरकुत्या जशाच्या तशा ठेवा. मागच्या रांगेतील चेहरे ओळखू येत नाहीत, ते पुसटच राहू द्या, कारण घरच्यांना अनोळखी देखणे चेहरे नको आहेत. जेपीईजीचे चौकोनी डाग काढा, मात्र फिल्मचे ग्रेन पुसू नका, त्वचा गुळगुळीत करू नका आणि रंग भरू नका.