सातवा प्रश्न

गुण वहीत चढवून झाले होते. गठ्ठा बांधता बांधता शुभदाबाईंची नजर नेहाच्या पेपरवर थांबली. सातव्या प्रश्नावर लाल फुली होती, आणि फुलीशेजारी समासात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘वेग शून्य होतो, त्वरण नाही. नाहीतर चेंडू वरच राहिला असता.’

प्रश्न होता, सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला असताना त्याचं त्वरण किती? बाईंनी उत्तरसूची काढली. सातवा: अ. अ म्हणजे शून्य.

तपासताना त्या फक्त अक्षरं जुळवत गेल्या होत्या. बहुपर्यायी प्रश्नांना सगळेच तसं करतात. पण नेहाचंच बरोबर होतं. चेंडू क्षणभर थांबला तरी गुरुत्वाकर्षण थांबत नाही, त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. पर्याय क.

त्यांनी गठ्ठा सोडला. ४२ पेपरांपैकी ११ जणांनी क लिहिलं होतं आणि अकराही जणांचा गुण कापला गेला होता.

सूची जोशी सरांची होती. त्यांनी चष्मा वर सरकवून प्रश्न दोनदा वाचला. “वेग डोक्यात होता माझ्या. चूक माझी. आता सगळ्यांना एकेक गुण देऊन टाका, म्हणजे वाद नको.”

“सर, मग नेहाने एवढा विचार केला त्याचं काय? आणि ज्यांनी शून्य लिहिलंय, ते पुढच्या वर्षीही शून्यच लिहितील.”

“काहींचे गुण कमी होतील, बाई. पालक येतील.”

“येऊ देत. सूची त्यांच्यासमोर ठेवू.”

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पेन मागितलं, सूचीतला अ खोडून क केला आणि खाली सही केली. बाईंना त्या सहीने फार बळ आलं.

अकरा जणांचा गुण वाढला. शून्य लिहिणाऱ्यांचा एकेक गेला, आणि त्यात समीर नेमका एका गुणाने नापास झाला. बाईंनी त्याचा पेपर पहिल्या पानापासून पुन्हा तपासला. अर्धा गुणसुद्धा कुठे सुटला नव्हता. देण्यासारखा असता तर त्यांनी आनंदाने दिला असता.

वर्गात सुधारलेला निकाल सांगण्याआधी त्यांनी समीरला बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि दुरुस्त केलेली सूची दाखवली.

“म्हणजे काल मी पास होतो?”

“हो. चुकीच्या सूचीने.”

त्याचा चेहरा पडला. “घरी सांगून झालंय, बाई.”

“मी फोन करते तुझ्या आईला. चूक आमची होती, तुझी नाही, हे मीच सांगते. फेरपरीक्षा गुरुवारी आहे. उद्यापासून शाळा सुटली की अर्धा तास थांबशील?”

“चेंडूचंच विचाराल ना परत?”

“चेंडूचंही विचारीन,” बाई म्हणाल्या. “वही घेऊन ये.”