सल्लागाराच्या पत्राचं मराठी पाठवलंय, सहीआधी एवढं वाचा

दादा, वहिनी,

सोबत आयएसओ ९००१ च्या सल्लागारांच्या एंगेजमेंट लेटरचं मराठी भाषांतर जोडलंय. सात पानांचं झालं, पण सगळी सात पानं वाचली नाहीत तरी चालेल, कलम ३, ४ आणि ६ मात्र वाचाच, कारण पैसे तिथंच आहेत. एक आधीच सांगतो, पत्राच्या शेवटी लिहिलंय की वाद झाला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य, म्हणजे माझं मराठी फक्त समजून घ्यायला, सही इंग्रजीवरच होणार.

आता रिटेनर. परवा फोनवर दादा म्हणाला की "महिन्याला ४० हजार द्यायचे आणि ते शेवटी दीड लाखाच्या फीमधून वळते होणार". असं नाहीये ते. मी पण पहिल्या ड्राफ्टमध्ये "आगाऊ रक्कम" लिहिलं होतं आणि मग खोडलं, कारण आगाऊ म्हटलं की आपल्याला वाटतं उचल दिलीय, बिलातून कापली जाईल. अनामत पण नव्हे, ती परत मिळते. इथं ४० हजार हे त्या माणसानं महिन्याचे १२ तास आपल्यासाठी राखून ठेवायचे पैसे आहेत, तुम्ही ते तास वापरा नाहीतर नका वापरू. म्हणून शेवटी "रिटेनर" तसंच ठेवलं आणि खाली एक ओळ खुलासा टाकला. कलम ३.२ स्पष्ट म्हणतं की न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जात नाहीत. दिवाळीत शॉप आठवडाभर बंद ठेवलंत तरी त्या महिन्याचे पूर्ण ४० हजार लागणार. आणि ते महिन्याच्या ५ तारखेच्या आत, म्हणजे काम व्हायच्या आधी.

आता खरी मेख ३.४ मध्ये आहे, वाचताना मी पण आधी पुढे निघून गेलो होतो. प्रवासाचा वेळ निम्म्या हिशेबानं १२ तासांत धरायचा असं लिहिलंय. ते पुण्याहून येणार, शिरोलीपर्यंत यायला चार तास, जायला चार, आठचे निम्मे चार. महिन्यात दोनदा आले की १२ पैकी ८ तास हायवेवरच गेले, शॉपवर बसायला उरले फक्त ४!! म्हणजे दुसऱ्या फेरीला जेवणाआधीच आपला कोटा संपणार आणि पुढचा प्रत्येक तास ३,५०० नं लागणार. बरं, १२ तास सुटे घेतले तर ४२ हजार होतात, म्हणजे रिटेनर देऊन आपला फायदा जेमतेम दोन हजारांचा, तोही प्रवास धरला की उडाला. पेट्रोल, टोल, जेवण वेगळं, "प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे". माझं मत, प्रवासाचा वेळ तासांत धरू नका एवढं एकच जरी मान्य करून घेतलंत तरी बाकीचं सोडून दिलं तर चालेल.

स्कोप, कलम ४. इथं ते काय करणार ते नीट लिहिलंय: गॅप अ‍ॅनालिसिस, आयएसओ ९००१ ची सगळी कागदपत्रं, पोरांना ट्रेनिंग, एक इंटर्नल ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यूला हजर राहणं. दादा, "सर्टिफिकेट मिळवून देणार" असं यात कुठंच नाही, "शर्थीचे प्रयत्न करू" आहे. ते बरोबरच आहे म्हणा, सर्टिफिकेट देणारी संस्था वेगळी, तिचे ऑडिटर वेगळे, आणि जी संस्था सर्टिफिकेट देते तिनं त्याच कंपनीला सल्ला द्यायचा नसतो, त्यामुळे कुणी सल्लागार गॅरंटी द्यायला लागला तर उलट तिथं शंका घ्यावी. पण याचा अर्थ त्या संस्थेची फी आपल्यालाच वेगळी भरायची, पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या ऑडिटची, आणि नंतर दर वर्षीच्या सर्व्हेलन्सची. हा आकडा कोटेशन मागवून आत्ताच बजेटमध्ये धरा.

४.३ मध्ये काय येत नाही त्याची यादी आहे, गेज आणि मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन, रोजची रेकॉर्डं भरणं, कस्टमरच्या तक्रारींना उत्तरं. हे ठीक, पण यादीच्या आधी "यांसह, पण एवढ्यापुरतंच नाही" असे शब्द आहेत. ते शब्द कामाच्या यादीत असते तर आपल्या फायद्याचे, नको असलेल्या यादीत आहेत म्हणून त्यांच्या फायद्याचे, उद्या कशालाही "हे स्कोपबाहेर" म्हणता येईल. तेवढे शब्द काढायला सांगा. शिवाय कागदपत्रं दिल्यावर ७ कामाच्या दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ती मान्य धरायची असं आहे, आपल्याकडं मेल कोण बघतं ते मला माहितीय, त्यामुळे वहिनींचा आयडी पण पत्रात घालायला लावा आणि ७ चे १५ करा.

फी, कलम ६. रिटेनर सोडून दीड लाख, तीन हप्त्यांत: कागदपत्रं झाली की ६० हजार, इंटर्नल ऑडिट झालं की ४५, आणि उरलेले ४५ "दुसऱ्या टप्प्याचं ऑडिट पूर्ण झाल्यावर". इथं पण बघा, ऑडिट पूर्ण होणं आणि सर्टिफिकेट हातात येणं यात फरक आहे, मध्ये एनसी, म्हणजे ऑडिटरनं दाखवलेल्या त्रुटी, निघतात आणि त्या बंद कराव्या लागतात, नेमकं तेव्हाच त्यांची गरज असते आणि तेव्हा त्यांचे सगळे पैसे देऊन झालेले असणार. शेवटचा हप्ता "एनसी बंद झाल्यावर" असा करून घ्या.

वहिनी, हे तुमच्यासाठी. सगळे आकडे जीएसटी सोडून आहेत. महिन्याचं बिल ४० हजार अधिक १८ टक्के म्हणजे ७,२००, एकूण ४७,२००. त्यातून टीडीएस १० टक्के, पण तो ४० हजारांवर, जीएसटी वेगळा दाखवलेला असतो म्हणून त्यावर नाही. म्हणजे ४,००० कापून बँकेतून ४३,२०० जाणार. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरायचा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. नऊ महिन्यांचा रिटेनर ३,६०,००० आणि दीड लाख मिळून ५,१०,०००, जीएसटी धरून ६,०१,८००. जीएसटीचं क्रेडिट मिळेल, पण आधी खिशातून जाणारच. हप्त्याचं बिल १५ दिवसांत द्यायचं, उशीर झाला तर महिना दीड टक्का व्याज. त्यांच्या लेटरहेडवर उद्यम नंबर आहे, म्हणजे ते छोटा उद्योग म्हणून नोंदलेले, त्यामुळे तुम्ही मुदत वाढवून मागितली तरी ४५ दिवसांच्या पलीकडं कायद्यानं जाता येत नाही, आणि मुदत चुकवली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच वजा मिळतो. मार्चला हे लक्षात ठेवा.

बंद करायचं झालं तर दोन्हीकडून ३० दिवसांची नोटीस, त्या महिन्याचा रिटेनर द्यावा लागतो. यात काही वावगं नाही, राहू दे.

प्रवासाचा वेळ, "एवढ्यापुरतंच नाही" आणि ७ चे १५, शेवटचा हप्ता, हे बदल इंग्रजीत लिहून वेगळ्या पानावर दिलेत, तसंच्या तसं मेलमध्ये पेस्ट करा. त्यांनी फोनवर "हो हो, करू ना" म्हटलं तरी सुधारित पत्र आल्याशिवाय सही नको, आणि आलं की मला आधी पाठवा, बदललेली कलमं मी त्याच संध्याकाळी वाचून सांगतो.