नीलिमा दत्तात्रय घाणेकर: शिक्षिका, वयोगट 3 ते 8

राहणार: नाशिक (पत्ता व दूरध्वनी अर्जाच्या पहिल्या पानावर)
अर्ज: बालवाटिका व इयत्ता पहिली, वर्गशिक्षिका
भाषा: मराठी, अहिराणी, हिंदी, कामापुरती इंग्रजी

माझ्याविषयी
राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 ने पायाभूत स्तर मानलेल्या 3 ते 8 या पूर्ण टप्प्यातल्या मुलांना मी शिकवले आहे. त्यांतही 4 ते 6 वर्षांच्या मुलांवर माझा विशेष भर आहे. या वयात लिहिण्याची घाई केली की बोटे दुखतात आणि वहीचा कंटाळा येतो. म्हणून मणी ओवणे, कागद फाडणे, मातीकाम आधी आणि पेन्सिल नंतर, हा क्रम मी सोडत नाही.

अनुभव

*2023 पासून: इयत्ता पहिली, खासगी मराठी शाळा, मालेगाव तालुका. पट 32.*
बरीच मुले घरी अहिराणी बोलतात. सुरुवातीचे महिने अहिराणी शब्द फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहिते, त्यामुळे गप्प बसणारी मुलेही गोष्ट सांगू लागतात. वाचनासाठी मुलांचे तीन गट केले असून निपुण भारतच्या उद्दिष्टांनुसार दरमहा गटांची फेररचना होते.

*2018 ते 2022: बालवाडी, छोटा व मोठा गट, प्राथमिक शाळेला जोडलेली, नाशिक. पट 24, सोबत एक मदतनीस.*
बाहुलीघर, ठोकळे, पुस्तके आणि माती असे चार कोपरे. एका कोपऱ्यात सहाच मुले. गळ्यातले चित्र खुंटीला अडकवायचे, खुंट्या भरल्या की दुसरा कोपरा. रांग लावण्यासाठी आवाज चढवावा लागला नाही. छोट्या गटातला एक मुलगा वारंवार चावत असे. तारीख, वेळ, आधी काय घडले हे वहीत टिपल्यावर दिसले की बहुतेक प्रसंग मधल्या सुट्टीच्या तोंडावर, भुकेच्या वेळी घडतात. डबा वीस मिनिटे अलीकडे आणला, 'थांब' म्हणून हात पुढे करायला शिकवले. सत्र संपेपर्यंत तक्रार उरली नाही. आईलाही शाळेतला हा बदल वही दाखवून सांगितला.
टाळेबंदीत घरातल्या वाट्या, धान्य, कपड्यांच्या घड्या यांवरचे उपक्रम पालकांना फोनवर समजावून दिले.

शिक्षण व प्रशिक्षण
- बी. ए. (मानसशास्त्र), सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, 2016
- डी. एल. एड., 2018
- बालशिक्षण पदविका, अर्धवेळ, 2020: बालविकासाचे टप्पे, निरीक्षण नोंदी, विलंबाची लक्षणे. दोन मुलांची वर्षभराची नोंद हा प्रकल्प.
- महाटीईटी 2021, पेपर 1 उत्तीर्ण
- निष्ठा 3.0, पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, दीक्षा पोर्टल
- प्रथमोपचार व पोक्सो कायद्याची कार्यशाळा

उशिरा बोलणाऱ्या किंवा नजर न देणाऱ्या मुलाच्या नोंदी मी पालकांशी बोलून शासकीय रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे देते. निदान करणे माझे काम नाही, वेळेत लक्षात आणून देणे आहे.

सोबत जोडले आहे
नावे झाकलेली निरीक्षण नोंदवही (आठ पाने), पहिलीचे आठवड्याचे नियोजन, वर्गरचनेचा आराखडा, दोन्ही मुख्याध्यापिकांची पत्रे. प्रात्यक्षिक पाठासाठी कोणत्याही शनिवारी येऊ शकते.