विषय: तुमच्याच फुटेजमधून ९० सेकंदांचा नमुना, ७२ तासांत, पैसे न घेता

नमस्कार,

मी मयूर. प्रतापनगरला राहतो, घरूनच व्हिडिओ एडिटिंग करतो. सात वर्षं लग्नाचे व्हिडिओ कापले, आता दोन वर्षांपासून फक्त यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवरच्या लोकांसाठी काम करतो. नागपुरात आणि आसपास एकट्याच्या बळावर चॅनेल चालवणाऱ्या चौदा जणांना हा मेल पाठवतोय. प्रत्येकाचे किमान तीन व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले, मगच यादीत नाव घेतलं.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे सांगायला भरपूर आहे. अडतं ते शूटिंग झाल्यानंतर. दिवसभर फिरून फुटेज आणायचं, रात्री कापायला बसायचं, दोन वाजता एक्स्पोर्ट लावायचा आणि सकाळी ऐकलं तर आवाज ओठांच्या मागे पडलेला! मोबाइलवर सलग वीस-पंचवीस मिनिटं रेकॉर्डिंग केलं की हे बरेचदा होतं, कारण फोन दर सेकंदाच्या फ्रेम सारख्या ठेवत नाही, कमी-जास्त करत राहतो. मी फुटेज आलं की आधी ते स्थिर फ्रेम रेटवर आणतो, मगच टाइमलाइनवर घेतो. एवढ्या एका कामाने निम्मी डोकेदुखी जाते.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि याबद्दल मला जास्त बोलायचंय. मागच्या मे महिन्यात एका ताईंचा सावजी मटणाचा व्हिडिओ माझ्याकडे आला. चौदा मिनिटांचा. स्वयंपाकघराच्या दारात कूलर लावलेला, आणि नागपूरच्या मे महिन्यात तो बंद करा असं मी कुणालाही सांगणार नाही. सुरुवातीची ४२ सेकंदं नमस्कार, चॅनेलचं नाव, सबस्क्राइब करा, बेल दाबा. आणि सहाव्या मिनिटाला सुकं खोबरं, खसखस, लाल मिरची यांचं वाटण गरम तेलात पडतं, चर्र आवाज येतो, ताई म्हणतात, "आता पाहा, तेल सुटून राहिलं." मी व्हिडिओ तिथूनच सुरू केला. नमस्कार चार सेकंदांचा ठेवला, तोही त्या आवाजानंतर. कूलरची घरघर कमी केली, पण पूर्ण पुसली नाही. पूर्ण पुसायला गेलं की माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. व्हिडिओ नऊ मिनिटांचा झाला आणि ताईंनी तोच चॅनेलवर टाकला.

सबटायटलमध्ये मी "तेल सुटून राहिलं" असंच लिहिलं. "तेल सुटत आहे" केलं नाही, करणारही नाही. आपली बोली ऐकायला म्हणूनच कितीतरी लोक तुमच्या चॅनेलवर येतात. ती सबटायटलमध्ये पुस्तकी केली तर ऐकू एक येतं आणि वाचायला दुसरंच मिळतं. तसंच बोलताना माणूस थांबतो त्या जागांचं. प्रत्येक श्वास कापून वाक्यं एकमेकांना चिकटवायची पद्धत सध्या फार चालते. जिथे माणूस आठवून बोलतोय, तिथे ती जागा मी सोडतो.

आता नमुन्याचं सांगतो. न वापरलेलं किंवा अर्धवट पडलेलं दहा मिनिटांपर्यंतचं फुटेज पाठवा. सगळ्यात चांगलं नको, अडलेलंच पाठवा, म्हणजे माझं काम नीट कळेल. त्यातून मी ६० ते ९० सेकंदांचा तुकडा तयार करून देईन: कट, आवाज, रंग, मराठी सबटायटल सगळं करून. त्यावर माझं नाव किंवा वॉटरमार्क नसेल. आवडला तर चॅनेलवर टाका, पुढे काम दिलं नाही तरी चालेल. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी तो कुणालाही दाखवणार नाही, आणि नमुना दिल्यावर सात दिवसांनी फुटेज माझ्याकडून पुसलं जाईल. एका आठवड्यात मी तीनच नमुने घेतो, कारण हातातल्या कामाला उशीर होता कामा नये. जागा भरली असेल तर त्याच दिवशी उत्तर देऊन पुढच्या आठवड्यातला दिवस सांगेन.

नमुना ७२ तासांत मिळेल. नेहमीच्या कामाचं असं: आठ-दहा मिनिटांच्या व्हिडिओचा पहिला कट चार दिवसांत, एका रीलचा किंवा शॉर्टचा ४८ तासांत. दोन वेळा बदल सांगता येतील, प्रत्येक वेळी २४ तासांत करून देतो. रविवारी काम बंद, तो दिवस यात मोजू नका. वेळ मोजायची ती सगळं फुटेज माझ्या ड्राइव्हवर पूर्ण चढल्यापासून. अर्ध्या क्लिप आज आणि अर्ध्या परवा आल्या, तर परवापासून. उन्हाळ्यात वीज जाते हे धरूनच हे दिवस सांगितलेत. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे.

काही व्हिडिओंना चार दिवस परवडतच नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, महालात आणि इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. त्याचा व्हिडिओ त्याच रात्री हवा, तीन दिवसांनी तो कोण पाहणार? अशा कामासाठी फुटेज संध्याकाळी सहापर्यंत द्या, रात्री बारापर्यंत तीन मिनिटांच्या आतला उभा व्हिडिओ देतो. यूट्यूबने ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्टची मर्यादा तीन मिनिटं केल्यामुळे मिरवणूक घाईघाईत उरकावी लागत नाही. मात्र आठवडाभर आधी कळवा. अशा रात्री मी एकच काम घेतो, कारण दोन घेतली तर दोन्ही बिघडतात.

दर लपवून ठेवत नाही. आठ-दहा मिनिटांच्या व्हिडिओचे २,५०० रुपये, एका रीलचे ६००, त्याच रात्रीच्या कामाचे १,५००. पहिला कट पाहिल्यावर निम्मे, शेवटची फाइल घेताना निम्मे. सांगितलेल्या तारखेला पहिला कट दिला नाही, तर त्या व्हिडिओचे निम्मेच पैसे घेईन. मी स्वतः एका ठिकाणी काम देऊन तीन आठवडे "उद्या देतो" ऐकलंय, म्हणून ही अट स्वतःहून घालून घेतली.

पाठवताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. क्लिप व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, दाबल्या जाऊन येतात आणि मग रंगात हात घालता येत नाही. गूगल ड्राइव्हची लिंक द्या. शूटिंग बाकी असेल तर बोलणं सुरू करण्याआधी दहा सेकंद गप्प बसून खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करा, कूलरची घरघर काढायला मला तोच लागतो. घरातल्या दिव्याखाली चित्र लुकलुकत असेल तर कॅमेऱ्याचा शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवून पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, तेवढ्याने लुकलुकणं बहुतेक थांबतं. आणि सिनेमातलं गाणं मागे लावा असं म्हणू नका. कॉपीराइटचा दावा आला की त्या व्हिडिओची कमाई तुमच्या हातून जाऊ शकते. संगीत मी यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतून निवडून देतो.

याच मेलला उत्तर म्हणून लिंक पाठवा आणि एका ओळीत लिहा की या फुटेजमधलं काय कापलेलं तुम्हाला अजिबात चालणार नाही. मला आधी तेच वाचायचं असतं. फोनवर बोलायचं असेल तर तुमचा नंबर कळवा, संध्याकाळी सातनंतर मी फोन करतो.

तुमचा,
मयूर
व्हिडिओ एडिटर, प्रतापनगर, नागपूर