पावतीवर पंधरा

आमची शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी जाधव मॅडमकडे, अन् मुख्याध्यापकाचा चार्ज पण माझ्याच गळ्यात. पट एकूण 31, त्यातले 17 मॅडमचे. गाव घाटाच्या अगदी पायथ्याला, जूनमध्ये एकदा पाऊस लागला की समोरचा डोंगर दिसत नाही आणि मोबाईलची रेंज फक्त मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर येते, तीही एका कोपऱ्यात.

त्या वर्षी प्रवेशोत्सव झाला, पताका लावल्या, पहिलीच्या पोरांना फुगे दिले, फोटो ग्रुपवर टाकले. फक्त पुस्तकं नव्हती. एरवी पहिल्या दिवशी नवीकोरी पुस्तकं हातात पडतात आणि पोरं ती आधी नाकाला लावतात, वास घेतात, मग उघडतात. यंदा तालुक्याहून निरोप आला, गाडी अजून आली नाही, दोन दिवसात येईल. ते दोन दिवस पुढं तीन आठवडे चालले.

मागच्या वर्षीची जुनी पुस्तकं मी एप्रिलमध्ये गोळा करून कपाटात ठेवली होती, एवढा हुशारपणा केला होता. कपाट उघडलं तर वाळवी. वरून गठ्ठा शाबूत, हात लावला की भुसा. मॅडमनी एक पुस्तक उचललं, त्याचं फक्त कव्हर हातात आलं. "निदान फोटो तरी राहिला," म्हणाल्या आणि ठेवून दिलं.

मी म्हणलं, मॅडम, बालभारतीच्या साईटवर पीडीएफ असते, डाऊनलोड करा. त्यांनी ते आधीच केलं होतं, ओट्यावर उभं राहून, छत्री धरून. पण सतरा पोरं आणि एक फोन, मागची पोरं पुढच्यांच्या डोक्यावर चढायला लागली, फोन एकदा खिचडीच्या ताटात पडता पडता वाचला. झेरॉक्स काढायची तर एवढी पानं आणि एवढी पोरं, खर्च कोण देणार? मी मान खाली घातली. शाळेच्या खात्यात होते त्यात पत्र्याचं छप्पर की झेरॉक्स असा प्रश्न होता आणि छप्पर गळत होतं.

मॅडमचं जून महिन्याचं नियोजन एकदम टापटीप होतं, लाल पेनानं घटक, निळ्यानं उपघटक, पुढं पान नंबर. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती वही मिटून कपाटात ठेवली अन् पोरांना सांगितलं, उद्या घरातनं काहीही लिहिलेला कागद घेऊन या, लाईट बिल आणा.

लाईट बिल ही चूक झाली, हे त्यांनी स्वतःच मला नंतर सांगितलं. बिल वाचता वाचता "थकबाकी" हा शब्द आला, एकानं मोठ्यानं वाचला, अन् ज्याचं बिल होतं तो गणेश एकदम गप्प झाला, बाकीचे आकडे बघायला त्याच्या खांद्यावरनं वाकले. दोघं जण तर बिल आणलंच नाही म्हणून रडकुंडीला आले, त्यांच्याकडे मीटरच नव्हता. मॅडमनी सगळी बिलं गोळा करून उलटी ठेवली आणि त्या दिवशी कोऱ्या बाजूवर फक्त गुणाकार घेतले. दुसऱ्या दिवशी निरोप बदलला, बिल नको, कसलाही कागद चालेल, बिस्किटाचा पुडा, बियाण्याची पिशवी, पत्रिका.

मग काय काय आलं! इंद्रायणी भाताच्या बियाण्याची रिकामी पिशवी, खोकल्याच्या औषधाचं खोकं, तीन लग्नपत्रिका, यष्टीचं फाटकं तिकीट, एकानं तर घरच्या दाराला चिकटवलेला पोलिओचा जुना कागद उखडून आणला, आई मागनं ओरडत आली. लग्नपत्रिकेवर नाती घेतली, कोण कोणाचा काका, कोण मामा, आणि "आमच्या येथे श्रीकृपेकरून" यातला "येथे" म्हणजे कुठे. तिकिटावर तारीख, वेळ, पैसे. बियाण्याच्या पिशवीवर उगवण किमान 80 टक्के लिहिलेलं, तर शंभर दाण्यातले किती उगवले नाही तरी कंपनीला बोलता येणार नाही हे काढून दाखवलं चौथीतल्या पोरानं, पुस्तकात टक्के अजून यायचे होते. मी दारात उभा राहून ऐकत होतो आणि माझी पहिली वर्गात एकमेकांच्या पाट्या पुसत होती.

वजनाचा पाठ खिचडीच्या खोलीत झाला. पोषण आहाराचा हिशोब पोराला रोज 100 ग्रॅम तांदूळ असा आहे, म्हणजे आज हजर 28 तर 2 किलो 800. मावशींकडे एक जुना ताणकाटा आहे, आकडा लावायचा, खाली बादली टांगायची. आधी बादली रिकामी तोलायची मग भरून, मग वजा. मावशी पहिल्यांदा कुरकुरल्या, "माझी खिचडी बारा वाजता शिजायची, तुमच्या पाठात दोन वाजतील," पण मग त्याच पोरांना सांगायला लागल्या की बादलीला लागलेलं पाणी पुसा, त्याचंबी वजन येतं.

आणि मग एका संध्याकाळी ताणकाटा गायब झाला. मावशींनी सगळी शाळा डोक्यावर घेतली. सकाळी चौथीतली कविता काटा पदराखाली आणावा तसा फ्रॉकमध्ये लपवून घेऊन आली, काही न बोलता खुंटीला अडकवला आणि फळ्यावर जाऊन लिहिलं:

पावतीवर तांदूळ 15
काट्यावर 13 आणि थोडं

आदल्या दिवशीच तिच्या घरी रेशन आलेलं. घरात माणसं पाच, माणशी पाच किलो म्हणजे पंचवीस, त्यात गहू दहा आणि तांदूळ पंधरा, मशीनमधनं निघालेली पावती तिनं आणली होती, घामानं ओली झालेली. वर्ग गप्प. मला एकदम पोटात गोळा आला, कारण रेशन दुकानदार अण्णा म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीतले, पंधरा ऑगस्टचा खाऊ त्यांच्याकडून येतो.

मॅडम फळ्याजवळ गेल्या. मला वाटलं आता पुसतील. त्या म्हणाल्या, "थोडं म्हणजे किती? काट्यावर थोडं असं काही नसतं."

"दोनशे," कविता म्हणाली.

"पोत्याचं वजन वजा केलंस?"

"केलं. अन् दोनदा तोललं. आईनं धरलं होतं."

"मग 13 किलो 200 लिही. आणि फरक?"

फळ्यावर 1 किलो 800 आलं. मॅडम त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत, पुढचं गणित घातलं.

पण गावात अशी गोष्ट दुपारच्या खिचडीपेक्षा लवकर पोचते. शुक्रवारी अण्णा आले, छत्री बंद केली, पाणी माझ्याच टेबलावर निथळत. "काय गुरुजी, शाळेत काय चोर पकडायचा तास सुरू केलाय काय?" मी अण्णा बसा, चहा घ्या, असलं काहीतरी बडबडलो. आवाज ऐकून मॅडम आल्या.

"नाही अण्णा, वजनाचा पाठ आहे," म्हणाल्या. "आमचा काटा जुना आहे, चुकत पण असेल. तुमचा इलेक्ट्रॉनिक आहे ना, सोमवारी घेऊन या की, पोरांसमोर दोन्ही ताडून बघू. पोरांना पण कळेल कुठला काटा खरा."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मी छपराकडं पाहिलं, तिथं पाणी टपकत होतं. चहा न घेता गेले. सोमवारी आले नाहीत. म्हणजे चूक काट्याची होती की कोणाची ते कधी ठरलंच नाही, पण पुढच्या महिन्याला कविताच्या घरचा तांदूळ पंधराच्या रेघेला टेकला एवढं तिनंच येऊन सांगितलं. तेव्हा काटा रीतसर मागून नेला होता, मावशींच्या वहीत सही करून.

दरम्यान केंद्रप्रमुख येऊन गेले. मॅडमचं टाचण मागितलं. त्यात लिहिलेलं, मंगळवार, घटक वजन, साहित्य रेशनची पावती व ताणकाटा. बुधवार, घटक वाचन, साहित्य बियाण्याची पिशवी. साहेबांनी दोनदा पानं उलटली. "पान नंबर कुठाय?"

"पुस्तक नाही सर."

साहेब भला माणूस, त्यांनी हिरव्या शाईनं "पाहिले" लिहिलं आणि पुस्तकांचा विषय काढला नाही. आम्हीही नाही काढला.

पुस्तकं आली तेव्हा आवणी सुरू झाली होती, निम्मी पोरं शेतात. केंद्रशाळेत येऊन घेऊन जा असा मेसेज, मग मी माझी मोटारसायकल काढली, दोन खताची पोती, वरनं ताडपत्री. तिथं पाच-सहा शाळांचे गुरुजी, कुणाला घाई नाही असं नाही, पाऊस धो धो. तिथल्या माणसानं यादी पुढं केली, मी सही ठोकली, पोती बांधली आणि निघालो. दोनदा घसरलो, पुस्तकं नाही भिजली.

शाळेत पोचलो तर आवणीतली पोरं पण पायाला चिखल तसाच घेऊन धावत आली, कुणीतरी बांधावरनं मोटारसायकल पाहिली होती. मला वाटलं आता झडप घालतील. मॅडम म्हणाल्या, "हात धुवा आधी." हात धुतले. गणेशनं पोतं सोडलं. आणि कविता माझ्या समोर हात पसरून उभी.

"काय गं?"

"पावती, गुरुजी."

मी खिशातनं भिजलेली पावती काढून दिली. तिसरीचे संच 9, चौथीचे 8. पोरांनी ओटीवर पोतं अंथरून ढीग लावले, एक मोजतोय, दुसरा पावती वाचतोय, तिसऱ्यानं तेवढ्यात ताणकाटा आणला आणि एक संच टांगला, त्याची काही गरज नव्हती, पण टांगला. तिसरीचे नऊ भरले. चौथीचे सात.

परत मोजले. सात.

"गुरुजी, सही कोणी केली?" कवितानं विचारलं.

मी मॅडमकडं पाहिलं. मॅडम छपराकडं बघत होत्या.

"मोजून घेतले नव्हते का?" गणेश म्हणाला, अगदी साधेपणानं, म्हणजे मला ऐकवायचं म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला.

मी ताडपत्री परत अंगावर घेतली. कवितानं पावतीच्या मागं पेन्सिलीनं "चौथी 7 मिळाले, 1 कमी" असं लिहून दिलं, खाली तारीख घातली, आणि मी गाडीला किक मारली.