प्रवेश अर्ज, एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र – प्रश्न 3: गटप्रकल्पातील मतभेद आणि त्यानंतर तुम्ही स्वतःच्या वागण्यात केलेला बदल

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आम्हा चौघांकडे ठाण्याच्या कचराळी तलावातला विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचा प्रकल्प होता. गटप्रमुख मी होते. नमुने मी आणि माझी एक सहकारी आळीपाळीने घेत असू. तिचे आकडे माझ्यापेक्षा सतत जास्त यायचे.

विंकलर पद्धतीत बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला, किंवा मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड तलावाकाठीच घातलं नाही, तर आकडा बिघडतो. तिच्याकडून तेच होत असणार, असं मी धरून चालले. शीटमध्ये तिच्या नोंदी लाल केल्या आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘रीडिंग पुन्हा घ्या, नीट.’ तिने उत्तर दिलं नाही, पुढच्या फेरीला आलीही नाही. उरलेले दोघे तिच्या बाजूने होते. प्रकल्प तिथेच अडला.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी तिची वही मागवली. प्रत्येक नोंदीशेजारी वेळ, ऊन, पाण्याचा रंग लिहिलेला होता. मी सूर्योदयाच्या सुमारास जायचे, ती दुपारी. उन्हात शेवाळं ऑक्सिजन तयार करतं. रात्रभर तो नुसता वापरला जातो, म्हणून पहाटे पातळी सर्वात खाली असते. दोघींचे आकडे बरोबर होते, आणि वेळेची नोंद फक्त तिनेच ठेवली होती.

ती मला एवढंच म्हणाली, “मला विचारलं असतंस, तर मी वही दाखवली असती.” सकाळी ती शिकवण्या घेते हे मला माहीतच नव्हतं, कारण वेळापत्रक मी एकटीने बनवून पाठवलं होतं. मी ग्रुपवरच माफी मागितली. आक्षेप चौघांसमोर घेतला होता.

त्यानंतर मी तीन गोष्टी बदलल्या. आकडा खटकला की आधी त्या व्यक्तीला फोन करते आणि “कसं मोजलंस?” असं विचारते. आपला तर्क तेव्हा गिळून ठेवणं मला अजूनही जड जातं. वेळापत्रक ठरवण्याआधी प्रत्येकाच्या अडचणी विचारते. आणि बैठकीत माझं मत शेवटी मांडते, कारण प्रमुखच आधी बोलली की बाकीचे माना डोलावतात, हे मी पाहिलं आहे.

आमची गाढ मैत्री झाली नाही, पण काम पूर्ण झालं. पहाट आणि दुपार यांतला फरक हाच आमच्या अहवालाचा मुख्य भाग ठरला आणि तो तिने मांडला. सध्या मी तुर्भ्याच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करते. नमुना आणणाऱ्या सहकाऱ्यांकडून मी वेळ आणि हवामान तोंडी विचारून घेते. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही, म्हणून शेऱ्यात लिहिते.