सहा-पाच

शंकररावांच्या मोबाइलवर रोज सकाळी दोन गजर व्हायचे. एक ६.०० ला, दुसरा ६.०५ ला. दिवाळीला आलेल्या मनीषाने ते लावून दिले होते. पहिल्यावर तिने लिहिलं होतं, ‘बाबा, पिवळं टोपण’. दुसऱ्यावर, ‘बाबा, निळं टोपण’.

दोन बाटल्या, दोन थेंब, मधे पाच मिनिटं. काचबिंदूचं औषध. पहिला थेंब डोळ्यात मुरायच्या आत दुसरा पडला तर तो पहिल्याला धुऊन नेतो, म्हणून पाच मिनिटं थांबायचं. थेंब टाकला की डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात उतरतं. डॉक्टरांनी हे सगळं स्वतः करून दाखवलं होतं आणि शेवटी म्हणाले होते, “काका, गेलेली नजर परत येत नाही. आहे ती राखायची.”

शंकररावांना ते वाक्य नीट ऐकूच आलं नसावं. ते गेले होते चष्म्याचा नंबर काढायला. डोळा दुखत नव्हता, पाणी येत नव्हतं, समोरचं वर्तमानपत्र वाचता येत होतं. नाही म्हणायला दोन-चार महिन्यांत खांदा चौकटीला लागत होता आणि मंडईच्या कोपऱ्यावर बाजूने आलेली स्कूटर दिसली नव्हती. पण तेवढं होतं वयापरत्वे, असं त्यांचं मत. आजारी असल्याचा पुरावा नाही आणि औषधाने फरक पडल्याचाही नाही. अशा औषधाची माणसाला शिस्त लागायची कशी?

गजर व्हायचा, हात उशाकडे जायचा, गजर बंद. “टाकतो चहा झाल्यावर.” चहा व्हायचा, पेपर यायचा, बाटल्या फ्रिजवर तशाच.

एसटीत ३४ वर्षं काढलेल्या माणसाने असं करावं याचं त्यांच्या बायकोला, सुमनताईंना नवल वाटे. आधी वाहक, नंतर वाहतूक नियंत्रक. कराडच्या स्टँडवर पहिल्या पाळीला ते कधी पाच मिनिटंही उशिरा गेले नाहीत. कराड-चिपळूण, पाटण, मसूर, तासगाव, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे त्यांच्या आवाजात निम्म्या तालुक्याने ऐकलेलं. २०१९ ला निवृत्त झाले आणि घड्याळ जणू त्यांनी डेपोतच जमा केलं. सातला उठायचं, साडेनऊपर्यंत पेपर, मग आंघोळ. ज्याने आयुष्यभर पहाटे चारला पाणी तापवून घेतलं त्याने एवढं लोळावं, हा त्याचा हक्कच आहे, असं मलाही वाटतं.

जानेवारीत तपासणी झाली. डोळ्यातला दाब २४. डॉक्टरांनी विचारलं, “औषध वेळेवर?” शंकरराव म्हणाले, “हो.” सुमनताई खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. त्या खाली बघत म्हणाल्या, “महिन्यात संपायची बाटली आमच्यात दोन महिने पुरली डॉक्टर.”

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मशिनच्या छापील कागदांची जोडी पुढे सरकवली. अंधाऱ्या डब्यात तोंड घालून, ठिपका चमकला की बटण दाबायचं, त्या तपासणीचे कागद. एक दिवाळीचा, एक आजचा. उजव्या डोळ्याच्या वरच्या अंगाने काळा डाग आत सरकला होता. पावसात गाडीच्या काचेचा वायपर एका बाजूने बंद पडावा आणि तेवढाच भाग गढूळ होत जावा, तसा. शंकररावांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी जुनी, कोरी राहिलेली डायरी काढली. पट्टीने चार रकाने आखले. तारीख. नियोजित वेळ. प्रत्यक्ष वेळ. शेरा.

हात थरथरायचा, थेंब गालावर जायचा. पहिल्याच आठवड्यात ते काम सुमनताईंकडे आलं. पडवीतल्या बाकावर शंकररावांनी मान मागे टाकायची, सुमनताईंनी खालची पापणी ओढून थेंब सोडायचा. “मिटा.” मग पाच मिनिटं त्यांनाही कुठे जाता यायचं नाही, कारण दुसरी बाटली हातात. त्याही बाकावर बसायच्या.

आरंभीचे शेरे ठरावीक होते. ‘३ मि. उशीर.’ ‘वेळेवर.’ ‘थेंब वाया, दुसरा टाकला.’

डोळे मिटून पाच मिनिटं बसणं शंकररावांना पहिले काही दिवस जमेना. ते सारखे विचारायचे, “झाली का?” “आत्ता तर मिटलेत,” असं उत्तर यायचं. मग करायचं काय, तर ते ऐकू लागले. आधी अर्थातच गाड्या ऐकल्या. स्टँड फार लांब नाही. “ही मुक्कामी गाडी आली बघ, मसूरची. क्लच गेलाय हिचा.” सुमनताई नुसतं “हं” म्हणायच्या.

फेब्रुवारीत एका सकाळी त्या थेंब टाकून बसल्या आणि लगेच उठल्या. “कुठे चाललीस?”

“नळ येतोय.”

“कुठे आलाय?”

“फुसफुसतोय की.”

त्यांनी कान दिला. अंगणातल्या नळातून खरंच हवा येत होती, कुणी दाताच्या फटीतून श्वास सोडावा तशी. मग एक खाकरा, आणि पाणी. कळशीच्या बुडावर ते आधी घुमलं, जाड आवाजात. कळशी भरत गेली तसा आवाज बारीक होत वर चढत गेला, आणि अगदी काठाशी आला तेव्हा सुमनताईंनी नळ फिरवला. एक थेंब सांडला नव्हता. आणि त्या वेळी त्यांची पाठ नळाकडे होती, त्या दोरीवरचे कपडे काढत होत्या, हे शंकररावांना त्यांच्या आवाजाच्या दिशेवरून कळलं.

“न बघता भरतेस?”

“बघायचं काय त्यात? सांगते की ती कळशी, भरले म्हणून.”

त्या दिवशीचा शेरा: ‘नळ ६.०२.’

मार्चमध्ये शेवग्यावर एक पक्षी बोलू लागला. शीळ घालून थांबायचा, मग तीच शीळ जरा वळवून घालायचा. “कोण गं हा?”

“दयाळ. काळा-पांढरा असतो, शेपूट उभी. दर वर्षी येतो.”

“दर वर्षी?”

“तुम्ही असता कुठे त्या वेळी घरात.”

सहज म्हणाल्या त्या. त्यात तक्रार नव्हती. पण शंकररावांना ते दिवसभर पुरलं. या घरात ते ४० वर्षं राहत होते. या अंगणातली सहाची वेळ त्यांनी साप्ताहिक सुटी सोडली तर पाहिलीच नव्हती, आणि सुटीच्या दिवशी ते झोपलेले असत.

वहीत आता नियोजित-प्रत्यक्ष वेळेचे रकाने नुसते भरले जात. शेऱ्याचा रकाना मात्र पुरेना, अक्षर खालच्या ओळीत उतरू लागलं. ‘दयाळ दोन. एक लांबून उत्तर देतो.’ ‘दूधवाल्याची गाडी बदलली.’ ‘भारद्वाज घुमला, सुमन म्हणते दिसला असता तर बरं.’ ‘आज नळ नाही. सुमनला आधीच माहीत होतं, कसं ते विचारायचं राहिलं.’

एप्रिलच्या तपासणीला दाब १६ आला. डॉक्टर म्हणाले, “हेच टिकवा.” शंकररावांनी त्यांना वही दाखवली. डॉक्टरांनी वेळा पाहिल्या, मग शेरे वाचले, आणखी एक पान उलटलं. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी उलटलं.

मे महिन्यातल्या एका सकाळी, डोळे मिटलेले असताना, शंकररावांनी विचारलं, “मी डेपोला गेलो की तू काय करायचीस गं? मनी झोपलेली असायची, मला चारला डबा देऊन तू पुन्हा आडवी व्हायचीस काय?”

सुमनताई लगेच बोलल्या नाहीत. निळ्या टोपणाशी बोटांचा चाळा चाललेला शंकररावांना ऐकू येत होता.

“सायकल ऐकायची तुमची.”

“म्हणजे?”

“चेनकव्हर वाजायचं ना तिचं. बोळातून निघालात की वाजायचं, मारुतीपाशी वळलात की थांबायचं. तेवढं ऐकून मग दार लावायची. पावसात वाजायचं नाही धड, तेव्हा जरा घोर लागायचा.”

“चेनकव्हर दुरुस्त करायचं राहून गेलं,” शंकरराव म्हणाले. “दर रविवारी ठरवायचो.”

“बरं झालं राहिलं ते.”

गजर झाला. ६.०५. त्यांनी मान मागे टाकली. डोळ्यात थेंबाआधीच पाणी होतं, म्हणून सुमनताईंनी पदराने टिपलं आणि मग औषध टाकलं.

जूनमध्ये मनीषाचं दुसरं बाळंतपण आलं आणि सुमनताई दोन महिन्यांसाठी पुण्याला गेल्या. जाण्याआधी आठ दिवस त्यांनी शंकररावांना स्वतः थेंब टाकायला शिकवलं. पलंगावर उताणं पडायचं, बाटलीचा हात कपाळावर टेकवायचा, म्हणजे थरथर कमी होते. आठव्या दिवसापर्यंत दहातले नऊ थेंब डोळ्यात जाऊ लागले.

पहिल्या सकाळी ६ ला गजर झाला. शंकरराव गजर बंद करतात तोच फोन वाजला.

“टाकलात?”

“टाकतोय.” त्यांनी फोन छातीवर ठेवला, स्पीकर लावला, पापणी ओढली. “पडला.”

“मिटा. कोपरा दाबा.”

दोघंही गप्प झाली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, लिफ्टचं दार आपटलं, बाळ रडलं आणि कुणीतरी त्याला उचललं. अलीकडे पाऊस थांबून पन्हळ ठिबकत होती.

“काय ऐकू येतंय?” सुमनताईंनी विचारलं.

“पन्हळ. पागोळ्या संपत आल्यात. दयाळ आहे, पण भिजलेला दिसतोय, एकदाच बोलला.” ते थांबले. “नळ फुसफुसला. कळशी लावून ठेवलीय मी रात्रीच.”

“भरली की कळेल का तुम्हाला?”

“ऐक.” दोघांनी ऐकलं. आवाज चढत गेला. काठाशी आला तेव्हा शंकरराव डोळे मिटूनच भिंतीला हात लावत अंगणात पोहोचले होते. थोडं पाणी पायावर सांडलं.

दुसरा गजर झाला, दुसरा थेंब पडला, डोळे पुन्हा मिटून झाले. आता फोन ठेवायला हरकत नव्हती. कुणी ठेवला नाही.

“थांब जरा,” शंकरराव म्हणाले.

जिन्याखाली सायकल उभी होती. नजरेचं कळल्यापासून चालवली नव्हती, पुढच्या चाकात हवा नव्हती. त्यांनी ती स्टँडवर घेतली, फोन कॅरिअरवर ठेवला आणि वाकून पॅडल हाताने फिरवलं. गंजलेली चेन कुरकुरली, अडली, मग सुटली. खड् खड् खड् खड्. चेनकव्हर वाजू लागलं.

पलीकडे कुकर, बाळ, सगळं चालू होतं. सुमनताईंचा आवाज नव्हता.

बोळाएवढा वेळ त्यांनी पॅडल फिरवलं. मग हात हळू केला. खड्... खड्... आणि सोडून दिला. चाक आपल्याआप फिरत राहिलं आणि थांबलं.

“वळलात,” सुमनताई म्हणाल्या.

“हो.”

“आता दार लावते,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.